तळं उलटतं तेव्हा

वैशाखातल्या भर दुपारी विहिरीत उडी मारलेल्या माणसाला एक गोष्ट सांगावी लागत नाही. वरचं हातभर पाणी कोमट असतं, अंगाला चिकटल्यासारखं. पण पाय खाली गेले की कुठेतरी एकदम गारवा लागतो. हा गारवा हळूहळू वाढत जात नाही. घोट्यांना थंड आणि कमरेला कोमट असा सरळ हिशेब असतो. पोहणारी मुलं त्याला काही नाव देत नाहीत, शहारून वर येतात आणि पुन्हा उडी मारतात. पाण्याचा अभ्यास करणाऱ्यांनी मात्र त्या सीमेला नाव दिलं आहे. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात मेंडोटा नावाच्या सरोवरात एडवर्ड बर्ज या प्राध्यापकाने वेगवेगळ्या खोलीवर तापमान मोजलं, आणि ज्या थरात ते झपाट्याने उतरतं त्याला त्याने 'थर्मोक्लाइन' म्हटलं. ही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची गोष्ट. आपण त्याला पाण्यातली पायरी म्हणू.

ही पायरी कल्याणच्या पुढे, उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूरच्या पट्ट्यातही दर उन्हाळ्यात तयार होते. गावकुसाच्या तळ्यात होते, दगड काढून झालेल्या खाणीत साचलेल्या पाण्यात होते, काकोळ्याजवळच्या रेल्वेच्या जुन्या जी.आय.पी. तलावासारख्या जलाशयात किंवा बारवी धरणातही होऊ शकते. वरून पाहणाऱ्याला तिचा पत्ता लागत नाही. ती मोडते तेव्हा मात्र सगळ्या गावाला कळतं, कारण त्या सकाळी तळ्यावर मेलेले मासे तरंगत असतात.

पायरी होते कशी, ते आधी पाहू. सूर्याची उष्णता पाण्याच्या वरच्या थरातच शोषली जाते. पाणी हिरवट किंवा गढूळ असेल तर पहिल्या हात-दोन हातांतच बहुतेक ऊन संपतं. तापलेलं पाणी हलकं होतं आणि हलकं म्हणून वरच राहतं. खालच्या गार, जड पाण्यावर ते तेलासारखं तरंगत असतं. वारा वरच्या थराला ढवळतो, पण हलकं पाणी जड पाण्यात दाबायला जोर लागतो आणि तेवढा जोर वाऱ्यात नसतो.

इथे एक शंका येईल. थंड देशांतल्या सरोवरांत वरखाली पंधरा-पंधरा अंशांचा फरक पडतो, आपल्याकडे फार तर तीन-चार अंशांचा. मग आपली पायरी कच्चीच असणार! तसं नाही. पाण्याचा एक विचित्र स्वभाव आहे. ४ अंशांवरून ५ अंशांवर जाताना त्याची घनता जवळपास बदलतच नाही. २९ अंशांवरून ३० वर जाताना ती त्याच्या तीस-पस्तीस पटींनी अधिक घटते. म्हणजे आधीच तापलेल्या पाण्यात एकेका अंशाला मोठी किंमत आहे. आपल्याकडचे तीन अंश थंड मुलखातल्या बऱ्याच अंशांना भारी पडतात. म्हणून एप्रिल-मे महिन्यांत चार-पाच मीटर खोल तळ्याचेही दोन मजले होऊ शकतात, आणि मधला जिना बंद होतो.

रोज रात्री वरचं पाणी निवतं, जड होतं, खाली उतरतं. त्यामुळे मीटर-दीड मीटर खोलीचं उथळ तळं रात्रीत सगळं मिसळून निघतं. दिवसा त्याला थर येतो, पहाटेपर्यंत जातो. खोल तळ्यात मात्र रात्रीची ही उलाढाल वरच्या मजल्यापुरतीच राहते. खालच्या मजल्याला तिची वर्दी लागत नाही.

आणि खरं दुखणं खालच्या मजल्याचंच आहे. पाण्यात प्राणवायू येतो दोन वाटांनी. एक हवेतून, पृष्ठभागावरून. दुसरी पाण्यातल्या सूक्ष्म शेवाळातून, जे उन्हात स्वतःचं अन्न करताना प्राणवायू सोडतं. दोन्ही वाटा वरच्या मजल्यावरच्या आहेत. ३० अंशांच्या स्वच्छ पाण्यात हवेतून फार तर साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू एका लिटरमध्ये मावतो. हिरव्यागार तळ्यात दुपारी तो याहूनही वर चढतो आणि रात्री उतरतो. खालच्या मजल्यावर यातलं काही पोचत नाही. तिथे पोचतं ते वरून पडणारं मेलेलं शेवाळ, पाला, शेण, सांडपाण्यातला गाळ. हे सगळं कुजतं, आणि कुजवणारे जिवाणू प्राणवायू खातात. जमा बंद, खर्च चालू. असं खातं किती दिवस टिकणार? आयुष्यभर बँकेत काढलेल्या माणसाला हे वेगळं समजावून द्यावं लागत नाही.

प्राणवायू संपला म्हणून कुजणं थांबत नाही. प्राणवायूवाचून जगणारे दुसरे जिवाणू कामाला लागतात. ते आधी नायट्रेट वापरतात, मग गाळातलं मँगेनीज आणि लोह विरघळवून पाण्यात आणतात, आणि शेवटी सल्फेटला हात घालतात. त्यातून हायड्रोजन सल्फाइड तयार होतो, सडक्या अंड्याच्या वासाचा. सोबत अमोनिया साचतो. मासेमारी करणाऱ्याला याची खूण यंत्राविना कळते. मे महिन्यात तळाशी सोडलेलं जाळं रिकामं येतं, त्याच्या खालच्या दोरीला काळा गाळ आणि घाण वास असतो आणि जाळ्याची शिसं काळवंडलेली असतात. मासे वरच्या मीटर-दीड मीटरमध्ये दाटीने राहत असतात. तळ्याला खोली चार मीटरची असते, पण माशांना घर दीड मीटरचंच उरतं.

आता मृग लागतो. दोन दिवस आभाळ भरून येतं, ऊन नाहीसं होतं. वरचं पाणी निवू लागतं. मग वादळी वारा आणि पहिला जोरदार पाऊस. पावसाचं पाणी तळ्याच्या वरच्या पाण्याहून गार, म्हणजे जड. ते खाली घुसतं. वरखालचा तीन अंशांचा फरक एका रात्रीत अर्ध्या अंशावर येतो, आणि महिनाभर न हलणारा थर वाऱ्याच्या एका रेट्याने मोडतो. तळ वर येतो, वरचं पाणी तळाला जातं. याला म्हणतात तळं उलटणं.

ऐकताना वाटतं की ही चांगली गोष्ट झाली. तळाला अखेर प्राणवायू मिळाला! दीर्घ मुदतीत ते खरंही आहे. तळाचा गाळ पुन्हा श्वास घेऊ लागतो, लोह-मँगेनीज पुन्हा गाळात बसतात. पण त्या रात्रीचा हिशेब वेगळा असतो. तो मांडून पाहू. हे उदाहरण मी सोयीचे आकडे घेऊन केलेलं आहे. समजा तळं ४ मीटर खोल आहे. वरच्या दीड मीटरमध्ये प्रत्येक लिटरला ७ मिलिग्रॅम प्राणवायू आहे आणि खालच्या अडीच मीटरमध्ये शून्य. एक चौरस मीटरचा सरळ उभा खांब धरला, तर त्यात एकूण साडेदहा ग्रॅम प्राणवायू झाला. तळं उलटून तो चार मीटरभर वाटला गेला की लिटरला जेमतेम २.६ मिलिग्रॅम येतो. कटला-रोहूसारख्या माशांना ५ च्या वर बरं वाटतं, ३ च्या खाली ते तोंड वर काढून हवा गिळू लागतात. म्हणजे नुसत्या वाटणीनेच ते अडचणीत आले.

पण खालच्या मजल्यावर नुसतं शून्य नव्हतं, कर्जही होतं. समजा तिथल्या प्रत्येक लिटरमध्ये १ मिलिग्रॅम हायड्रोजन सल्फाइड होता. एक ग्रॅम सल्फाइडचं सल्फेट व्हायला जवळपास १.९ ग्रॅम प्राणवायू लागतो. आपल्या खांबात अडीच ग्रॅम सल्फाइड आहे, म्हणजे पावणेपाच ग्रॅमची वसुली पहिल्या फटक्यात. उरले पावणेसहा ग्रॅम. ते चार मीटरमध्ये वाटले की लिटरला १.४ मिलिग्रॅम. यात अमोनिया, विरघळलेलं लोह, उसळलेला गाळ, आणि रात्रभर श्वास घेणारं शेवाळ व मासे यांची देणी अजून धरलेलीच नाहीत. शिवाय आभाळ भरलेलं असल्याने दुसऱ्या दिवशी शेवाळाकडून नवी जमा येण्याची आशा नाही. पहाटे चार-पाचच्या सुमाराला खातं कोरडं पडतं. मासे मरतात ते तेव्हा.

नोकरीच्या काळात शेती आणि जोडधंद्यांच्या कर्जांचं काम काही वर्षं माझ्याकडे होतं. बदलापूरच्या पलीकडे एका गावात मच्छीमारांच्या लहानशा सोसायटीने तळं ठेक्याने घेतलं होतं आणि बीज सोडायला आमच्या शाखेतून कर्ज काढलं होतं. जूनच्या पहिल्या पावसानंतर निरोप आला की मासे गेले. मी पोचलो तेव्हा काठावर गर्दी होती आणि एकच शब्द ऐकू येत होता, विष. कुणी कारखान्याचं नाव घेत होतं, कुणी ठेका न मिळालेल्या शेजारच्या गावाचं. पोरं काठ्या घेऊन निघायच्या बेतात होती. एक म्हातारे गृहस्थ मात्र बांधावर शांत बसले होते. मी विचारलं, "काका, तुम्हाला काय वाटतं?" ते म्हणाले, "कुणी काय टाकलं नाय साहेब. तळं उलाटलंय. काल रातच्याला वास सुटला तवाच मला उमगलं."

पोरांना ते पटलं नाही, आणि त्यांना दोष देता येणार नाही. या पट्ट्यात विषाचा संशय हा नुसता भ्रम नसतो. अंबरनाथच्या प्राचीन शिवमंदिराला लगटून वाहणाऱ्या वालधुनीचं काय झालं हे सगळे जाणतात. २०१४ च्या नोव्हेंबरअखेर त्या वालधुनीत टँकरमधून रसायन ओतलं गेलं आणि उठलेल्या वायूने उल्हासनगरातल्या शेकडो माणसांना रुग्णालय गाठावं लागलं. अशा ठिकाणी मेलेला मासा दिसला की बोट धुराड्याकडे जाणारच. आणि नेमकी म्हणूनच दोन मरणं वेगळी ओळखता आली पाहिजेत. नाहीतर निरपराध माणसाची डोकी फुटतात, आणि उलट खऱ्या गुन्हेगाराला 'हवामान बदललं हो' म्हणून सुटायला वाट मिळते.

ओळखायचं कसं? पहिली खूण वेळेची. प्राणवायूचं मरण पहाटेचं असतं. विष दिवसाच्या कोणत्याही प्रहरी मारतं. दुसरी खूण कोण मेलं याची. प्राणवायू घटला की मोठे मासे सहसा आधी जातात, बोटभर पिल्लं काठाच्या उथळ पाण्यात तग धरतात. मरळ आणि मागूर हवेतूनही श्वास घेतात, म्हणून ते वाचतात. विषाला असा भेदभाव क्वचितच असतो. त्यात पिल्लंही जातात, मागूरही जातो, बेडूक आणि पाण्यातले किडेही मेलेले सापडतात. तिसरी खूण मरणाआधीची. आदल्या रात्री मासे पृष्ठभागावर तोंडं वासून होते का? चौथी खूण पाण्याची. हिरवं पाणी एका रात्रीत करडं-तपकिरी झालं आणि सडक्या अंड्याचा वास सुटला, तर तळ वर आला आहे. त्या तळ्यावर मोठे कटले तोंड उघडे ठेवून मेले होते, पिल्लं काठाशी जिवंत होती, आणि म्हाताऱ्या काकांनी एक मागूर पकडून सर्वांना वळवळताना दाखवला.

खुणांवर निकाल लागत नाही, मोजमाप लागतं. दुपारी मत्स्यव्यवसाय खात्याचे अधिकारी आले, ते काचेच्या बुचाच्या बाटल्या घेऊन. वजन बांधलेली बुचाची बाटली दोरीने तळाला सोडायची आणि दुसऱ्या दोरीने खाली बूच ओढायचं, म्हणजे तळाचंच पाणी आत येतं. ते बुडबुडा येऊ न देता लहान बाटलीत भरायचं. मग त्यात मँगेनीज सल्फेट आणि आयोडाइड मिसळलेला अल्कलीचा द्राव घालायचा. प्राणवायू असेल तर तपकिरी साका बसतो, नसेल तर पांढरा. हंगेरीत जन्मलेल्या लुडविग विंकलर या रसायनशास्त्रज्ञाने ही रीत १८८८ मध्ये दिली आणि ती आजही चालते. पुढे आम्ल घालून, थायोसल्फेटने मोजून नेमका आकडा काढतात. पण काठावरच्या गर्दीला आकड्याची गरज पडली नाही. तळाच्या पाण्याचा साका पांढराशुभ्र बसला. वरच्या पाण्याचाही जेमतेम मातकट झाला. पोरांनी काठ्या खाली ठेवल्या. आम्ही कर्जाचे हप्ते पुढे ढकलले आणि त्या सोसायटीने पुढच्या वर्षी मे महिन्यात मासे काढून विकले, जूनची वाट पाहिली नाही.

एक खबरदारी सांगायला हवी. पांढऱ्या साक्याने प्राणवायू नव्हता एवढंच सिद्ध होतं. तो का नव्हता, हे सिद्ध होत नाही. सांडपाणी किंवा कारखान्याचं सेंद्रिय पाणी तळ्यात येत असेल तर तळाचं कर्ज त्याच्यामुळेच वाढलेलं असतं. स्वच्छ पाण्याचं तळंही उलटतं, पण त्याच्या पोटात फारसं काही साचलेलं नसल्याने मासे मरत नाहीत. म्हणून 'निसर्गाने मारलं' हे वाक्य अर्धंच खरं आहे. मोडला तो थर निसर्गाने, पण तळाशी जे साचलं ते बहुधा आपण टाकलेलं.

यातलं काही श्रद्धेनेही टाकलेलं असतं. उल्हासनगरचा सिंधी समाज झुलेलालला मानतो, त्याच्या मूर्तीत तो पल्ला माशावर आरूढ असतो, आणि पाण्याला तांदूळ-साखरेचा 'अखो' वाहण्याची त्यांची रीत आहे. वाहत्या सिंधूकाठी ही रीत जन्मली. आपल्याकडे पितरांचे पिंड पाण्यात सोडतात, आणि मुंबईत बाणगंगेत पितृपक्षानंतर मासे मेल्याच्या बातम्या एकाहून अधिक वर्षी आल्या आहेत. वाहत्या पाण्याला मूठभर तांदूळ जड नाहीत. साठलेल्या पाण्यात तेच तांदूळ तळाच्या खात्यावर लिहिले जातात.

नगरपालिका तळी सुशोभित करतात तेव्हाही हा हिशेब पाहत नाहीत. तळ्याभोवती उंच भिंत आणि तिच्यामागे इमारती उभ्या राहिल्या की वारा अडतो. गाळ काढणं चांगलंच, त्याने तळाचं जुनं कर्ज फिटतं. पण गाळाबरोबर मुरूमही खणून तळ्याचा खोल डोह केला, तर पूर्वी रोज रात्री मिसळणारं पाणी आता महिना-महिना दुमजली राहतं. मधोमध कारंजं बसवतात. त्याचा पंप बहुधा वरच्या हातभर पाण्यातूनच ओढतो आणि तिथेच टाकतो, खालच्या मजल्याला त्याचा उपयोग नाही. हवा द्यायचीच तर तळातून, आणि फेब्रुवारीपासून रोज थोडी, म्हणजे पायरी बांधलीच जात नाही. मे अखेरीला एकदम मोठा पंप लावणारा माणूस जूनच्या पावसाचं काम आपल्या हाताने करतो.

मोठ्या धरणांचं वेळापत्रक थोडं वेगळं. बारवी धरण या सगळ्या शहरांची आणि कारखान्यांची तहान भागवतं. त्याची उंची वाढवण्यात आली आणि २०१९ च्या पावसाळ्यात ते नव्या उंचीला भरलं. त्याची साठवण आता सुमारे ३४० दशलक्ष घनमीटर आहे. अशा खोल जलाशयाला जूनचा एक पाऊस तळापर्यंत ढवळू शकत नाही. तो पुरता मिसळतो तो बहुधा पौष-माघात, थंडीच्या रात्रींनी वरचं पाणी तळाइतकंच गार केलं की. नवी जमीन पाण्याखाली गेल्यावर पहिली काही वर्षं तिच्यावरची झाडंझुडपं कुजतात आणि तळाचा खर्च वाढतो. हे जगभरच्या नव्या धरणांत दिसलेलं आहे. म्हणून पाणी कोणत्या खोलीवरून सोडलं जातं याला महत्त्व असतं. बारवीचं पाणी दगडधोंड्यांवरून वाहत नदीने जांभूळकडे येतं आणि तिथे उचलून शुद्ध केलं जातं. या वाहण्यात त्याला पुन्हा हवा लागते, हे आपलं भाग्य. लोह त्यातच बरंचसं सुटतं. मँगेनीज मात्र चिवट असतं. कोणत्याही धरणाचं पाणी पिणाऱ्याच्या बादलीत काळसर-तपकिरी लेप धरू लागला, तर तळाच्या पाण्याची चौकशी करायला हरकत नाही.

नदीही बंधाऱ्यामागे उन्हाळ्यात तळंच होते. मोहने बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला उल्हास नदीवर गेल्या काही वर्षांत जलपर्णीची हिरवी गोधडी पसरताना लोकांनी पाहिली आहे. तिच्यामुळे ऊनही आत जात नाही आणि वाराही. ती जागच्या जागी मारून बुडवली तर तिचं सगळं ओझं तळाच्या खात्यावर पडतं. ती उपसून बाहेरच टाकावी लागते.

यासाठी फार मोठी प्रयोगशाळा लागत नाही. दोरी, थर्मामीटर आणि विंकलरची बाटली एवढं सामान कुठल्याही महाविद्यालयाच्या रसायनशाळेत असतं. एप्रिलपासून आठवड्यातून एकदा, पहाटे सहाच्या आत, वरचं आणि तळाचं तापमान व प्राणवायू असे चार आकडे लिहून ठेवायचे. वरखाली दोन अंशांहून अधिक फरक राहू लागला आणि तळाचा प्राणवायू शून्याकडे निघाला, की समजायचं, मृगाच्या आधी मासे काढायचे, खाद्य बंद ठेवायचं. आणि तरीही एखाद्या सकाळी मासे मेले, आणि वही सांगते आहे की तळाला काल चार मिलिग्रॅम प्राणवायू होता, तर मात्र तळ्यावर थांबायचं नाही. पाण्याच्या आणि माशांच्या नमुन्यांना तिथल्या तिथे सील लावून घ्यायचं आणि प्रवाह धरून वर चालत जायचं, नाल्याचं तोंड सापडेपर्यंत.